जेवणाशेजारचा चहा

आमच्या घरात दुपारच्या जेवणाला एक क्रम होता आणि तो कोणी ठरवून दिलेला नव्हता. बारा वाजता सासूबाई जेवायच्या, कारण त्यांना शुगरच्या गोळ्या असतात. दोनच्या सुमाराला शेतातून माझे भासरे यायचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. माझा नवरा मेहकरला कृषी केंद्रात कामाला आहे, तो डबा नेतो. मी गावची आशा. गरोदर बाया, लसीची लेकरं, शुगर-बीपीची म्हातारी माणसं यांच्या याद्या घेऊन घरोघर फिरत असल्यामुळे मी मिळेल तिथे आणि मिळेल तेव्हा जेवते. आणि सगळ्यांचं झालं, भांडी धुवायला पडली, की जाऊबाई ताट घेऊन बसायच्या.

यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. बहुतेक घरांत असंच असतं.

जाऊबाई माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा भाजीत तिखट किती टाकायचं इथपासून सासूबाईंशी कोणत्या वेळी बोलायचं नाही इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझे केस त्यांनी विंचरले. मी त्यांना 'बाई' म्हणते आणि अहोजाहो करत नाही. आमच्याकडे इतक्या जवळच्या माणसाला अहोजाहो केलं तर ते रुसतात.

गेल्या दिवाळीच्या आसपास त्या थकायला लागल्या. पाण्याची घागर उचलली की दम लागायचा. ओसरीच्या दोन पायऱ्या चढून खांबाला धरून उभ्या राहायच्या. नखं पांढरी पडली होती. महिन्याचं जाणं फार वाढलं होतं, पण ते त्यांनी मलाही बरेच दिवस सांगितलं नाही. शेवटी मीच त्यांना मेहकरला बायांच्या डॉक्टरणीकडे नेलं. सोनोग्राफी झाली. पिशवीला गाठ निघाली. कॅन्सरची नव्हती, तेवढं बरं. पण पिशवी काढावी लागणार होती, आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात आणि वर थोडंसं.

"हे दहाच्या वर आणा, मग मी ऑपरेशन करते," डॉक्टरीण म्हणाली. "जाणं कमी व्हायचं औषध देते आणि लोहाची गोळी. नाही वाढलं तर आधी रक्त चढवावं लागेल, आणि त्यासाठी बुलढाण्याला जावं लागेल. घरातले कोणी रक्त देणारे असतील तर तयारीत ठेवा."

जाऊबाईंची दोन्ही मुलं संभाजीनगरला कंपनीत आहेत. एका हाकेवर आली असती. धाकट्याने तर फोनवर सांगूनही टाकलं होतं की सुट्टी टाकून ठेवतो, आम्ही दोघंही देऊ. पण जाऊबाई ऐकायला तयार नव्हत्या.

"लेकरायचं रगत काढून माह्या आंगात भरू नोका," त्या येताना एसटीत म्हणाल्या. "म्या त्यायले द्याचं का त्यायनं मले? उलटं असते का कुठी?"

"बाई, एका बाटलीनं काही होत नाही. महिना-दीड महिन्यात भरून निघते."

"तुह्या लेकराचं काढ मंग."

पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. रक्त चढवायचं नसेल तर रक्त वाढवायचं, एवढा एकच रस्ता उरत होता. तो मी हातात घेतला.

कामाची आखणी करायची मला सवय आहे. गोळी आधी सकाळी उपाशीपोटी देऊन पाहिली, कारण तशी ती जास्त लागू पडते. पण त्यांना उलट्या झाल्या. झोपताना दिली तर रात्रभर मळमळलं. म्हणून दुपारच्या जेवणानंतर द्यायची ठरवली, साध्या पाण्यासोबत. ताटात लिंबाची फोड रोज हवी, कारण आंबटाने लोह जास्त शोषलं जातं. भासरे मळ्यातून सांबार आणायचे, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. त्याची वडी, अंबाडीची भाजी, हरभऱ्याची भाजी, तुरीचं वरण, मुठीभर शेंगदाणे. जंताची गोळीही देऊन झाली. जाऊबाई सगळं मुकाट्याने करत होत्या. रोज संध्याकाळी मी आले की विचारायच्या आधीच सांगायच्या, "घेतली वो तुही गोळी, पानीच पेलं वरून."

महिन्याभराने पुन्हा मेहकरला गेलो. औषधाने जाणं निम्म्यावर आलं होतं. पण रक्ताचा आकडा जवळजवळ तिथेच होता.

डॉक्टरणीने रिपोर्ट पाहिला आणि चष्म्यावरून जाऊबाईंकडे पाहिलं. "गोळ्या घेता ना?"

"घेतो."

"रोज?"

जाऊबाई माझ्याकडे पाहायला लागल्या. मी सांगितलं की पाकिटं रिकामी होतात आणि शौचाला काळं होतं, म्हणजे गोळी पोटात जाते यात शंका नाही. डॉक्टरणीचा चेहरा थोडा बदलला.

"मग पोटात जाऊन कुठे जाते ती? जाणं कमी झालंय, एवढ्यात किमान एकाने तरी वर यायला हवं होतं. अजून एक महिना बघू. त्यापेक्षा जास्त थांबवत नाही मी. मग रक्ताचीच तयारी करा."

बाहेर आल्यावर जाऊबाईंनी पदराने तोंड पुसलं. "चोरावानी पायलं त्या डाक्टरनीनं माह्याकडं."

"ती सगळ्यांकडंच तशी पायते. चष्मा तसा हाये तिचा."

त्या हसल्या, पण घरी येईपर्यंत फार बोलल्या नाहीत. मला मात्र त्या डॉक्टरणीचा प्रश्न सोडत नव्हता. पोटात जाऊन कुठे जाते?

उत्तर मला शोधावं लागलं नाही, फक्त वेळेआधी घरी यावं लागलं. एका दुपारी जानेफळला आमची मासिक सभा होती. पोचल्यावर कळलं की सभा पुढे ढकलली आहे. परत फिरले आणि पावणेतीनला घरी आले. एरवी त्या वेळी मी कधीच घरात नसते.

चपला काढून स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि थांबले. जाऊबाई भिंतीला टेकून जेवायला बसल्या होत्या. ताटात भाकर, अंबाडीची भाजी, लिंबाची फोड, शेजारी गोळी. सगळं मी सांगितलं तसं. आणि गॅससमोर माझे भासरे उभे होते. पायांना पाटाच्या पाण्याचा चिखल, खांद्यावर दस्ती. खलबत्त्यात अद्रक कुटत होते.

हा माणूस घरात पाणीसुद्धा हाताने घेत नाही असं मी इतकी वर्षं समजत होते.

चहा त्यांनी चांगला तांबूस होईस्तोवर उकळला. कप जाऊबाईंच्या ताटाजवळ ठेवला, उरलेला स्वतः बशीत घेतला आणि पाटावर बसले.

"आज पत्ती जरा जास्त टाकली," ते म्हणाले. "सकाई तुहे हात लय थंडे लागून राह्यले होते."

"ठेचा तिखट झाला होता काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाई."

"मंग पानी काऊन येऊन राह्यलं होतं डोयाले?"

"तिखट होता थोडा."

जाऊबाई हसल्या. एक घास, एक घोट. एक घास, एक घोट. जेवण संपताच गोळी तोंडात टाकली आणि त्यावर अगदी नेमाने लोट्यातलं पाणी प्यायल्या. माझी सूचना पाळण्यात कसूर नव्हती.

मी पावलं न वाजवता अंगणात परत गेले आणि बादली जोरात आपटली. आत आले तोवर भासरे मागच्या दाराने बाहेर पडले होते.

संध्याकाळी आम्ही दोघी वांगी चिरत बसलो होतो तेव्हा मी विषय काढला.

"बाई, तो दुपारचा चा कवापासून चालू हाये?"

"कोनता चा?"

"भासरे करतात तो."

त्यांचे कान लाल झाले. तेवढं रक्त त्यांच्यात अजून होतं याचं मला बरं वाटलं. "तू पायत होती का वो? भासऱ्याले असं चोरून पायतात का?"

"दारात उभी होती. डोये झाकून उभी राहू काय?"

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीत फराळाचं करताना त्यांना गॅससमोर अंधारी आली होती. भासऱ्यांनी धरून बसवलं आणि घाईत काही सुचलं नाही म्हणून चहा करून दिला. तो पिऊन त्यांना तरतरी आली. तेव्हापासून दुपारी ते शेतातून येतात, जेवतात, आणि त्या जेवायला बसल्या की चहा ठेवतात. जितकी अशक्ती दिसेल तितकी पत्ती जास्त. चहाने ताकद येते अशी त्यांची खात्री आहे.

मी चिरलेली वांगी पाण्यात टाकली आणि सांगायला लागले. चहात जो तुरटपणा असतो तो पोटात गेला की भाजीभाकरीतल्या लोहाला धरून ठेवतो. ते लोह मग रक्तात जात नाही, तसंच बाहेर पडतं. गोळीतल्या लोहाचंही तेच होतं.

"पन गोई तं म्या पान्यासंगच घेतली."

"बाई, पाण्यासंग घेतली काय अन् चायसंग घेतली काय, पोटात जागा एकच हाये. वरून चा गेला की झालं."

"मंग चाच दुखनं हाये काय माहं?"

"दुखणं गाठीचं हाये. रगत तिच्यामुळं गेलं. पण भरून येऊन राह्यलं नाही ते ह्या चायमुळं. जेवणाच्या दीड-दोन घंट्यानं पे. मग त्याचं काही चालत नाही."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "साडेतीनले शेताची लाईन येते. मोटर चालू कराले ते तीनलेच निंगतात. दीड घंट्यानं चा करून द्याले ते घरी असतात काय?"

"मग तू आंधी जेव. आत्याबाईसंग बाराले बस," मी म्हटलं. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो.

"नवऱ्याच्या आंधी? तू जेवतं काय तुह्या नवऱ्याच्या आंधी?"

"तो मेहकरले असते. मले काय माईत कवा जेवते."

त्या हसल्या नाहीत. वांग्याचे देठ एका बाजूला सारले. मग म्हणाल्या, "ह्या घरात मले कोनी कधी काही करून देलं नाही वो. लेकरं झाले तवाही नाही. तुही गोई खातो, तुही भाजी खातो, लिंबू चोखतो. तो चा तेवढा राहू दे."

"अन् मग बुलढाण्याले बाटली? पोरायचं रगत?"

त्यांनी सुरी परत उचलली आणि वांगं चिरायला घेतलं. मी इतकंच म्हटलं, "मग तू सांग त्यायले."

"मी नाही सांगत. किती मनानं करतात ते. तूच सांग."

इथे खरी अडचण होती. मी गावभर कोणाच्याही नवऱ्याला नसबंदीपासून दारूपर्यंत काहीही ऐकवून येते, पण भासऱ्यांशी मी कधी समोरासमोर बोललेले नाही. आमच्याकडे लहान भावाच्या बायकोने ती मर्यादा पाळायची असते. ते ओसरीवर असले की मी मागच्या दाराने जाते. त्यांना काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगते, ते ऐकतात. त्यांना मला काही सांगायचं असलं तर तेही सासूबाईंनाच सांगतात. आजच्या काळात हे हास्यास्पद आहे हे मला कळतं. पण सवय लागून गेली आहे, आणि त्यांनी ती इतक्या सभ्यपणे सांभाळली आहे की मोडणं मलाच उद्धटपणाचं वाटतं.

तेव्हा रीतसर पद्धतीने बोलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भासरे ओसरीवर मिरच्या निवडत बसले होते, सासूबाई खाटेवर होत्या. मी दाराआड उभी राहिले आणि आवाज चढवला, कारण सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं.

"आत्याबाई, बाईले जेवणासंगचा चा बंद करा लागते."

"कोनाचा चा?"

"बाईचा. दुपारचा. जेवणातलं लोह त्या चायमंदी अडकते, आंगाले लागत नाही. म्हणून रगत वाढून नाही राह्यलं."

"काही सांगतं का? आमी जनमभर चायपोई खाल्ली. आमी मेलो का?"

सासूबाईंचं तसं जात नव्हतं, हे मी भासऱ्यांसमोर कसं बोलणार? "तुमची गोष्ट येगळी होती," एवढंच म्हटलं.

भासऱ्यांचा मिरच्यांवरचा हात थांबला होता. वर न पाहता ते म्हणाले, "माय, तिले इचार, दूध जास्त घातलं तं चालते का."

"ऐकलं काय वो?" सासूबाई म्हणाल्या.

"सांगा त्यायले, दुधानं काही फरक पडत नाही."

"अद्रक टाकतो मी त्यात."

"अद्रकानंही नाही."

"गुयाचा केला तं?"

"गुळाचा असो का साखरेचा, पत्ती तीच हाये ना, आत्याबाई."

"मंग पत्ती कमी टाकतो."

"कमी टाकली तं कमी अडकन. पण अडकन."

"बाप्पा," सासूबाई वैतागून म्हणाल्या, "तुमी दोघं एकामेकाशी बोला ना. मले मधात काऊन बसोलं?"

मग भासऱ्यांनी मिरच्यांकडे पाहतच विचारलं, "मंग किती येळानं द्याचा?"

"जेवण झाल्यावर निदान एक घंटा, दीड-दोन झाले तं चांगलंच. मंग खुशाल द्या म्हणा. दोन कप द्या."

"तवा तं मी मोटरीवर असतो," ते म्हणाले. ते आईला म्हणाले की मला की स्वतःला, कळलं नाही. मिरच्यांचं कॅरेट उचललं, आत नेऊन ठेवलं आणि बाहेर निघून गेले. जेवायला उशिरा आले. त्या रात्री काही बोलले नाहीत, पण ते एरवीही फारसं बोलत नाहीत, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "माय, मोठीले म्हना शिदोरी बांधून दे. आजपासून वावरातच जेवतो."

जाऊबाईंनी भाकरी फडक्यात बांधली. ते गेल्यावर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "रागावले ते," म्हणाल्या. "झालं समाधान?"

त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं. बारा वाजता काम दुसऱ्या आशाताईवर सोपवून मी घरी आले, तर सासूबाई ताट मांडून बसलेल्या आणि जाऊबाई ओट्याजवळ उभ्या.

"बस ना वो माह्यासंग," सासूबाई म्हणत होत्या. "कोनाची वाट पायतं? येनार तं नाही तो जेवाले."

"भूक नाही मले."

"मले एकटीले जेवन जात नाही. बस म्हनतो ना. का मीबी उपाशी राहू, शुगर कमी होऊन पडू इथीच?"

ही धमकी नेहमी कामी येते. जाऊबाई बसल्या. अर्धी भाकर, थोडी भाजी, लिंबू, मग गोळी. चहा कोणी केला नाही. मी अंगणवाडीत परत गेले आणि दिवसभर मला माझ्या हुशारीचा राग येत राहिला. रक्ताचा एक आकडा वाढावा म्हणून मी त्या बाईचा दिवसातला एकुलता एक सुखाचा अर्धा तास काढून घेतला होता, आणि आकडा वाढेल याची खात्रीही नव्हती.

संध्याकाळी आले तर जाऊबाई अंगणात मला भेटायलाच उभ्या.

"आले होते," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"हेच ना. अडीचले. पाय धुतले अन् दारातून इचारलं, जेवली काय? म्हटलं हाव. मंग म्हनतात, कवा? म्हटलं बाराले, आत्याबाईसंग. घड्याळाकडं पायलं अन् गेले गॅसजवळ." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आज पत्ती कितीबी टाकतो म्हने."

मग सगळं माझ्या लक्षात आलं. ते घरी जेवायला येत होते म्हणून या थांबत होत्या. ते जेवायलाच आले नाहीत तर थांबायचं कोणासाठी? चहा पुढे नेता येत नव्हता, तर त्यांनी बायकोचं जेवण अलीकडे आणलं, तेही तिला 'माझ्याआधी जेव' असं एका शब्दाने न म्हणता. ते म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

त्यानंतर तोच क्रम पडला. भासरे बांधावर गार भाकर खायचे. त्याचं जाऊबाईंना इतकं वाईट वाटलं की मेहकरहून माझ्या नवऱ्याकरवी त्यांनी गरम राहणारा डबा मागवला आणि त्यात रोज काहीतरी जास्तीचं भरायला लागल्या. शेजारच्या वावरातले लोक भासऱ्यांना चिडवायचे की शिदोरी घरचीच आहे ना, पाहुणचार चालला आहे नुसता. अडीच वाजता ते घरी येत, चहा करत, दोघं पीत आणि तीनला मोटरीवर जात.

सगळ्यांत जास्त बदलल्या सासूबाई. बारा वाजता सोबत मिळाल्यामुळे त्या खूश होत्या आणि चहाचा पहारा त्यांनी स्वतःकडे घेतला. एकदा नणंद आली होती. जेवणं चालू असतानाच तिने चहा टाकला, तेव्हा सासूबाईंनी तिला असं काही ऐकवलं की बिचारी भांडं घेऊन बाहेर गेली. "लोह अडकते," असं त्या आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. कुठे अडकतं ते विचारलं तर गळ्याकडे बोट दाखवतात. मी दुरुस्त करत नाही, पुढचं बरोबर सांगतात.

माझ्या कामातही फरक पडला. पूर्वी मी बायांना विचारायचे, गोळी कशासोबत घेता? सगळ्या म्हणायच्या, पाण्यासोबत. आणि ते खरंच असायचं. आता विचारते, जेवलात कधी आणि त्याच्या आगेमागे चहा कधी होतो? तेव्हा खरी हकीकत बाहेर येते. कोणाची सकाळची गोळी चहापोळीवर असते. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या बायांना मालक दुपारी भाकरीसोबतच किटलीभर चहा पाठवतो, कारण तेवढ्याच वेळात दोन्ही उरकतं. एक बाई म्हणाली, "आशाताई, सासू झोपली की मगच मी जेवतो, अन् चाही तवाच भेटते." चहा सोडा असं मी कोणालाच सांगत नाही. सांगून पाहा कोणी. मी फक्त दोन्हींत अंतर पाडायला सांगते, आणि ते अंतर कुणामुळे पडत नाही ते त्या घरात बसून शोधते.

महिना भरला. मेहकरला जायच्या दिवशी भासरे सकाळीच धुतलेला सदरा घालून तयार होते. आधीच्या दोन्ही वेळा आम्ही दोघीच गेलो होतो. एसटीत ते पुढच्या सीटवर बसले, आम्ही मागे. दवाखान्यात ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि रक्त काढून झाल्यावर रिपोर्ट येईपर्यंत एकदाही हलले नाहीत.

रिपोर्ट आला. दहा आणि वर थोडं.

मी तो दोनदा वाचला, मग नाव वाचलं, मग तारीख. डॉक्टरणीने चष्म्यावरून पाहिलं, पण या वेळी हसून. "काय केलं हो?"

"काही नाही," जाऊबाई म्हणाल्या. "लवकर जेवली."

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली की औषधाने जाणं थांबत आल्याचाही यात वाटा आहे, सगळं श्रेय चहाला देऊ नका. पण गोळी आणि जेवण आता अंगी लागतंय हे नक्की. ऑपरेशनची तारीख तिने पुढच्याच आठवड्यातली दिली. आधी रक्त चढवायची गरज नव्हती. ऑपरेशननंतरही गोळ्या काही महिने चालू ठेवायच्या होत्या.

बाहेर येऊन मी बाकाजवळ उभी राहिले. सासूबाई काही सोबत नव्हत्या. कोणाला उद्देशून सांगावं हे मला कळेना, म्हणून भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे पाहून म्हणाले, "दहाच्या वर गेलं. बाटली लागत नाही."

भासऱ्यांनी मान हलवली. हातातल्या दस्तीची घडी घालून ती खांद्यावर टाकली. मग खिशातून मोबाइल काढला आणि मोठ्या मुलाला फोन लावला. ते फोनवर नेहमी ओरडून बोलतात, त्यामुळे सगळ्या बाकांवरच्या बायांना ऐकू गेलं.

"हाव, पुढच्या हप्त्यात. रगत द्याले येऊ नोका. काही गरज नाही. भेटाले या मायले, दोघंबी या."

जाऊबाई मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. "सुट्ट्या टाकल्याच हायेत म्हनाव," त्या म्हणाल्या, "तं दोन दिवस जास्तीचे राहा. मिरच्या तोडाले मानसं भेटत नाहीत."